किरायाच्या ब्लॉकचा फिरता व्हिडिओ : घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला लग्नाचे व्हिडिओ काढतो. लग्नसराई ओसरली की हात रिकामे होतात आणि नेमके तेव्हाच बदल्यांचे दिवस असतात. मग ओळखीचे घरमालक फोन करतात, "भाऊ, वरचा ब्लॉक खाली झाला, तेवढा एक व्हिडिओ काढून दे." पहिले काही व्हिडिओ मी लग्नासारखेच काढले. कॅमेरा गरगर फिरवला, खाली सनई लावली. ते पाहून लोक खूश व्हायचे, पण घर पाहायला आले की दारातच त्यांचा चेहरा पडायचा. त्यातून जे शिकलो ते इथे आहे. आता घरमालकांना फोनवरच समजावून सांगतो. त्यांच्याकडून परत परत आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत.

फोटो आहेत की. व्हिडिओ कशाला पाहिजे?

फोटोत खोली दिसते, घर दिसत नाही. स्वयंपाकघर हॉलमधून आहे की बेडरूममधून, संडासात जायला पाहुण्यांसमोरून जावं लागतं का, जिना घरमालकाच्या ओट्यावरून चढतो की बाहेरून, हे सहा फोटो पाहूनही कळत नाही. किरायेदार गोंदियाला किंवा कोल्हापूरला बसलेला असतो. वणीजवळच्या मारेगावला एक चक्कर मारायची तर त्याचा दीड-दोन दिवस जातो. व्हिडिओ पाहून त्याला कागदावर घराचा कच्चा नकाशा काढता आला पाहिजे. माझी कसोटी हीच. घर न पाहिलेल्या माणसाला व्हिडिओ दाखवतो आणि नकाशा काढायला सांगतो. त्याने न्हाणी चुकीच्या बाजूला काढली तर व्हिडिओ पुन्हा काढतो.

सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण हॉलपासून करतात.

रस्त्यापासून करा. पाहणारा ज्या वाटेने उद्या येणार त्याच वाटेने आज त्याला आणायचं. रस्ता, फाटक, गाडी ठेवायची जागा, जिना, दार. यात अर्धा मिनिट जातो, पण निम्मे प्रश्न इथेच सुटतात. जिना किती अरुंद आहे हे त्यात दिसतं, आणि आलमारी वर चढेल का हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक किरायेदार विचारतो.

दारातून आत गेल्यावर पाय नेतील तोच क्रम ठेवायचा. हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर, परत हॉल, मग बेडरूम, न्हाणी-संडास, गॅलरी, शेवटी गच्चीवरची टाकी आणि मीटर. "चांगली खोली आधी दाखव" असं मालक म्हणतात. ते मी ऐकत नाही, कारण तसं केलं की मध्ये कापाकापी येते.

आणि कापायचं तर नाहीच, विशेषतः दारात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उंबरठा चित्रात दिसला पाहिजे. उंबरठ्यावर व्हिडिओ कापला की पाहणाऱ्याच्या डोक्यातला नकाशा तुटतो. दुसरी खोली डावीकडे होती की समोर, हे त्याला पुन्हा जुळवता येत नाही. स्वयंपाकघरातून परत हॉलमध्ये येताना चार-पाच सेकंद "वाया" जातात असं वाटतं. ते जाऊ द्या. ती परतीची चालच दोन खोल्यांचं नातं सांगते.

खोलीत शिरल्यावर कॅमेरा कसा फिरवायचा?

दारात उभं राहून चारी बाजूंना फिरवू नका. दारालगतच्या कोपऱ्यात पाठ टेकवा आणि समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे फोन धरा. दहा बाय बाराच्या खोलीत समोरची भिंत जास्तीत जास्त बारा फुटांवर असते, पण कोपऱ्यातून कोपरा साडेपंधरा फुटांवर जातो. हे साडेतीन फूट फार उपयोगाचे आहेत. का ते उंचीच्या प्रश्नात येईलच.

फिरताना बाजू ठरवून घ्या. मी नेहमी डावीकडून उजवीकडे, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, प्रत्येक खोलीत तसाच. अर्धं उजवीकडे, मग परत डावीकडे असं झालं की पाहणाऱ्याला खिडक्या दोन आहेत की एकच दोनदा दिसली, तेच कळत नाही. मला स्वतःला एकाने विचारलं होतं, "तुमच्या बेडरूमला तीन खिडक्या हायेत ना?" होती एकच.

वेगाचं जुनं माप असं: चित्राच्या एका कडेला दिसलेली वस्तू दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद लागले पाहिजेत. स्वतः फिरताना हे फारच सावकाश वाटतं, जीव कंटाळतो. पण पाहताना ठीक वाटतं. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजत फिरा. वळण संपलं की दोन सेकंद थांबा, मगच पाय उचला. एकाच वेळी चालणं आणि वळणं टाळा. व्हिडिओ पाहून डोकं गरगरतं ते बहुतेक वेळा याच कारणाने, हात थरथरल्याने कमी.

फोन किती उंचीवर धरायचा? डोळ्यांसमोर धरणं सोपं जातं.

सोपं जातं म्हणूनच सगळे तसं धरतात आणि सगळ्यांच्या व्हिडिओत भिंती वाकड्या येतात. फोन जमिनीपासून चार ते सव्वाचार फुटांवर पाहिजे. म्हणजे आपल्या छातीशी, सदऱ्याच्या खिशाजवळ. माझी उंची साडेपाच फूट, माझा खिसा बरोबर चार फुटांवर येतो. तुम्ही उंच असाल तर खाली धरा.

याचं कारण मी टेप पसरून पाहिलं आहे. आडवा फोन एकदम सरळ धरला, खाली-वर अजिबात न झुकवता, तर चार फुटांच्या उंचीवरून माझ्या फोनला साधारण अकरा फुटांपुढची जमीन दिसते. त्याच्या अलीकडची जमीन चित्राच्या खाली राहते. तोच फोन डोळ्यांपाशी, पाच फुटांवर धरला तर जमीन दिसायला चौदा फूट लागतात. आता दहा बाय बाराची खोली घ्या. डोळ्यांच्या उंचीवरून तिथे जमीन जवळपास दिसतच नाही. हात आपोआप फोन खाली झुकवतो. फोन झुकला की दाराच्या चौकटी, आलमारीच्या कडा, भिंतींचे कोपरे खाली निमुळते आणि वर फाकलेले दिसतात. खोली फनेलसारखी होते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण "कोंदट वाटते" एवढं तो नक्की म्हणतो.

छातीच्या उंचीवर आणि तिरक्या कोपऱ्याकडे धरलं की न झुकवताही समोरच्या चार फुटांची जमीन, दोन भिंती आणि वरचा सज्जा, सगळं एका चित्रात येतं. म्हणून तो कोपरा.

फार खाली धरणं ही दुसरी चूक, आणि ती काही जण मुद्दाम करतात. अडीच फुटांवरून जमीन भरपूर दिसते, खोली ऐसपैस भासते. पण स्वयंपाकाचा ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो, त्यामुळे ओट्यावरचं काहीच दिसत नाही, कडप्प्याची कड तेवढी दिसते. पलंगावरची गादी डोळ्यासमोर भिंतीसारखी उभी राहते.

उंची सारखी राहते हे कसं तपासायचं?

एक सुतळी घ्या. फोन ज्या पकडीत बसवता तिला बांधा, खाली चार फुटांवर एक नट लटकवा. चालताना नट फरशीला टेकत-न टेकत राहिला पाहिजे. नट खडखड वाजतो, म्हणून हे फक्त सरावाला. दोन-तीन फेऱ्यांत हाताला उंची कळते.

सरळपणा तपासायला घरातच ओळंबा आहे: दाराची चौकट. चित्रातल्या जाळीच्या उभ्या रेघेला चौकट समांतर ठेवा. जुन्या घरांत चौकटच तिरकी बसवलेली असते, तिथे खिडकीचा गज घ्या. फोनमध्ये जाळी दिसत नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती चालू करता येते.

कोपर पोटाला चिकटवून धरा आणि गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चाला. लग्नात वापरतो ती स्थिर ठेवणारी दांडी असली तर चांगलंच, पण तिने उंची आणि सरळपणा आपोआप येत नाही. दांडी हातात आली की माणूस उलट जास्त बेफिकीर होतो.

फोन आडवा की उभा?

आडवा. आडव्या फोनला रुंदीत साधारण ६५ अंशांचं दिसतं, उभ्याला ४० च्या आसपास. उभ्या व्हिडिओत खोलीची एकच भिंत मावते आणि ती दुसऱ्या भिंतीला कशी जुळते ते दिसत नाही. आजकाल सगळे फोन उभा धरून पाहतात हे खरं, पण घर निवडणारा माणूस फोन आडवा करतो. मी अजून असा कोणी पाहिला नाही की ज्याने घर पसंत केलं पण फोन आडवा करायचा कंटाळा केला.

0.5x वर खोली मोठी दिसते. ते वापरू का?

मालकांचा सर्वांत आवडता प्रश्न. वापरू नका. त्या भिंगात समोरची भिंत निम्म्या आकाराची दिसते, म्हणजे दुप्पट लांब असल्यासारखी. दहा फुटांचा हॉल वीस फुटांचा भासतो, आणि कडेला असलेली खुर्ची ताणून सोफ्याएवढी होते. एका घरमालक काकाजींच्या हट्टापायी मी एकदा सबंध ब्लॉक तसा काढला. किरायेदार सामानाचा ट्रक घेऊनच आला, कारण व्हिडिओवरच बोलणं पक्कं झालं होतं. साडेसहा फुटांचा दिवाण बेडरूममध्ये ठेवला तर आलमारीचं दार उघडेना. "भाऊ, व्हिडिओत तं लय मोठी दिसत होती न खोली?" त्याने मला विचारलं, काकाजींना नाही. दोन महिन्यांत त्याने घर सोडलं. काकाजींना पुन्हा किरायेदार शोधावा लागला आणि मला पुन्हा फुकट व्हिडिओ काढून द्यावा लागला.

1x वरच काढा आणि मापं तोंडाने सांगा. टेपने मोजून सांगा, फरश्या मोजूनही चालतं. दोन फुटी फरशी असेल तर पाच फरश्या म्हणजे दहा फूट. "हॉल चांगला मोठा आहे" याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो.

मग स्वयंपाकघर, न्हाणी, संडास? तिथे मागे सरकायला जागाच नसते.

तिथे नियम थोडा मोडावा लागतो. चार बाय पाचच्या न्हाणीत सरळ धरलेल्या फोनला समोरची टाइल सोडून काही दिसत नाही. आत शिरू नका, उंबरठ्याबाहेर थांबा. आधी समोर सरळ धरा, मग थांबून, अगदी सावकाश, फोन खाली झुकवत फरशीपर्यंत आणा. झुकवणं मुद्दाम आणि एकाच दिशेने झालं की पाहणारा समजून घेतो. न्हाणीची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली आहे का, पाणी जायची जाळी कुठे आहे, हे त्यात येतं. संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, हे दाखवा आणि सांगाही. आई-वडील सोबत राहणार असतील तर निर्णय यावरच होतो.

स्वयंपाकघरात फोन अर्धा फूट वर घ्या, साडेचार फुटांपर्यंत, म्हणजे ओट्यावरचा कडप्पा, सिंक आणि गॅसची जागा तिन्ही दिसतात. सिंकचा नळ उघडा. पाणी किती जोराने येतं ते पाहता येतं, ऐकूही येतं. हा पाच सेकंदांचा तुकडा किरायेदार पुन्हा पुन्हा पाहतात, हे मला त्यांनीच सांगितलं.

कोणत्या वेळी काढायचा?

सकाळी आठ ते दहा. आपल्याकडचं दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं की फोन गोंधळतो: खिडकी पांढरीफटक, आतला कोपरा काळाकुट्ट. आधी घरातले सगळे दिवे लावा, पडदे पूर्ण उघडा. अंधाऱ्या जिन्यातून उजेडाच्या हॉलमध्ये शिरताना दारात दोन सेकंद थांबा, फोनला उजेड जुळवून घेऊ द्या. नाही तर चित्र भपकन उजळतं आणि परत मावळतं.

ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका, वायरिंगचा दोष नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा. हाताने शटर ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१००. ते जमत नसेल तर ती एक ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडावर भागवा.

बोलायचं काय? मी तर "हा हॉल, हे किचन" एवढंच बोलतो.

हॉल आहे हे दिसतंच आहे. जे दिसत नाही ते बोला. आपल्या भागात अशा गोष्टी मोजक्याच आहेत आणि सगळ्या पैसा, पाणी आणि उन्हाळ्याशी बांधलेल्या आहेत. किराया किती, डिपॉझिट किती. नळ रोज येतो की दिवसाआड, किती वाजता, किती वेळ. बोअरचं पाणी पिण्यासारखं आहे की फक्त वापरायचं. मीटर वेगळं आहे की सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटचा दर कोण ठरवतो. कूलर कोणत्या खिडकीला बसतो, तिथे पाण्याची सोय आहे का. कोणती भिंत पश्चिमेची.

ही शेवटची गोष्ट मालक हमखास गाळतात. जानेवारीत काढलेल्या व्हिडिओत मे महिना दिसत नाही. वरच्या मजल्याचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत असलेली बेडरूम रात्री अकरापर्यंत तापलेली असते, हे आपल्याकडच्या माणसाला न सांगताही कळतं, पण कोल्हापूरहून येणाऱ्याला कळत नाही. सांगून टाका. पांढरा चुना मारून देणार असाल तर तेही सांगा.

वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या वर नको, आणि निम्मा वेळ गप्प राहायचं. चार मिनिटांच्या व्हिडिओला दोनशे शब्द पुरे झाले.

चालता चालताच बोलू की नंतर आवाज भरू?

रिकाम्या घरात आवाज घुमतो. भिंती उघड्या, फरशी उघडी, त्यात आपण छातीशी फोन धरून चालताना बोलतो तेव्हा दमही लागतो. मी चालताना काहीच बोलत नाही, नळ आणि दाराचे आवाज तेवढे येऊ देतो. नंतर घरी गाद्या-गोधड्यांच्या खोलीत बसून, पंखा बंद करून, व्हिडिओ पाहत बोलतो. आवाज भरणं फोनच्याच साध्या ॲपमध्ये होतं.

पण हे तुम्हाला जमणार नसेल तर इअरफोनच्या तारेवरचा माइक गळ्याजवळ अडकवा आणि थांबलेल्या क्षणीच बोला. कोपऱ्यात उभे राहिलात, बोललात, मग फिरलात. फिरताना बोललं की लक्ष बोलण्यात जातं आणि फोन झुकतो. हे अगदी ठरलेलं.

एका घराचं उदाहरण सांगा ना, सेकंदांसकट.

मारेगावचा एक वन बीएचके घेऊ, पहिल्या मजल्यावरचा. रुजू होणाऱ्या एका नर्सताईंना हवा होता. त्या गोंदियाकडच्या. व्हिडिओ बरोबर चार मिनिटांचा झाला.

पहिले ३५ सेकंद रस्ता ते दार. बोलणं असं होतं: "आज १२ जानेवारी. किराया साडेचार हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं. जिना बाहेरून आहे, घरमालक खाली राहतात. स्कूटी इथे शेडखाली राहील. जिना अडीच फूट रुंद आहे." किराया मी सुरुवातीलाच सांगतो. ज्याला परवडत नाही त्याने बाकी साडेतीन मिनिटं पाहायची काय गरज?

पुढचे ५० सेकंद हॉल. दारात दोन सेकंद थांबलो, दारालगतच्या कोपऱ्यात गेलो, काट्यासारखा फिरलो. "हॉल दहा बाय चौदा. गॅलरीच्या खिडकीत कूलरचा स्टँड बसवलेला आहे, प्लग बाजूलाच." स्टँडजवळ तीन सेकंद थांबलो.

स्वयंपाकघर ३५ सेकंद. उंबरठा दाखवत आत, फोन अर्धा फूट वर. नळ उघडला. "हे बोअरचं पाणी, वापरायचं. प्यायचा नळ खाली अंगणात आहे, दिवसाआड सकाळी सात वाजता येतो, पाऊण तास." मालकाला हे वाक्य नको होतं. पण गुंडाभर पाणी जिन्याने वर न्यावं लागणार हे ताईंना कळायलाच हवं होतं.

परत हॉलमधून बेडरूम, ४५ सेकंद. "दहा बाय बारा. ही भिंत पश्चिमेची आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी तापते." पलंग नव्हता, म्हणून आधी फरशीवर खडूने साडेसहा बाय पाचची चौकट आखून ठेवली होती. कोपऱ्यातून ती पूर्ण दिसली. ही युक्ती फार उपयोगी पडते. रिकामी खोली आणि भरलेली खोली यांतला फरक मापं सांगूनही कळत नाही, खडूची चौकट पाहून लगेच कळतो.

न्हाणी आणि संडास ३० सेकंद, दोन्ही बाहेर थांबून. गॅलरी २० सेकंद, समोरचं दृश्य आणि कपडे वाळत घालायची दोरी. शेवटचे २५ सेकंद गच्चीवरची टाकी आणि जिन्याखालचं मीटर. "सबमीटर आहे, महावितरणच्या बिलाप्रमाणे दर लागेल."

ताईंनी व्हिडिओ पाहून तीनच प्रश्न विचारले. रात्रपाळीहून उशिरा आल्यावर फाटक कोण उघडेल, गच्चीवर जाता येईल का, आणि पाणी वर चढवायला मोटर लावून द्याल का. तिसऱ्यावर मालक आढेवेढे घेत होते. शेवटी अर्धा एचपीची मोटर बसवून दिली आणि किराया दोनशेने वाढवला. ताई थेट सामान घेऊनच आल्या.

प्रमाण भाषेत बोलू की आपल्या बोलीत?

रोज बोलता तसं. घोकून आणलेलं "सदर सदनिका सर्व सोयींनी सुसज्ज" ऐकलं की माणूस दलालावर ठेवतो तसा संशय ठेवतो. फक्त दोन-चार शब्द दुहेरी बोला. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला "किराया" कळतो, पण "सांदवाडी" म्हटलं तर तो बुचकळ्यात पडेल. त्याला "घराच्या बाजूचा बोळ" असंही सांगा.

घराचे दोष दाखवायचे का? ओल, तडे?

दाखवा, पण नाटक नको. ओल असेल तर तिथे दोन सेकंद थांबा आणि काय करणार ते सांगा: "पावसाळ्यात इथे ओल येते, मार्चमध्ये वरून वॉटरप्रूफिंग करणार आहोत." करणार नसाल तर म्हणू नका. व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये राहतो, तुमच्या आवाजासकट.

आमच्याकडे वणीला आणखी एक, कोळशाची धूळ. गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवून दाखवा. खाणीत कामाला येणारा माणूस त्याला हसतो, पण दम्याचा त्रास असलेल्याला आधी कळलेलं बरं.

जुना किरायेदार अजून राहतो आहे. काढता येईल?

त्याला विचारून, त्याने दिलेल्या वेळी. घर त्याचं आहे, जोवर किराया तो देतो. देवघर, फोटो, मुलांचे चेहरे, भिंतीवर खोचलेली बिलं आणि औषधं येऊ देऊ नका. काढायच्या आधी कॅमेरा चालू न करता एक फेरी मारली की काय झाकायचं ते दिसतं. आरसेही पाहा, आलमारीच्या आरशात तुम्ही बनियनवर दिसाल.

जात, खाणं, लग्न झालं की नाही, या अटी व्हिडिओत बोलाव्या का?

जातीची अट मी माझ्या आवाजात बोलत नाही, एवढं मालकांना आधीच सांगतो. बाकी अटी मालकाने फोनवर बोलाव्यात.

गाणं लावू का?

नको. नळाचा आवाज आणि रस्त्याचा आवाज, दोन्ही कामाचे आहेत. सनईचा धडा मी माझ्या चुकीतूनच शिकलो.

व्हिडिओ पाठवायचा कसा? व्हॉट्सॲपवर धुरकट होतो.

व्हॉट्सॲप साध्या व्हिडिओला दाबून लहान करतं, त्यात फरशीचे सांधे आणि ओल दोन्ही पुसली जातात. तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. पण चार मिनिटांची फाइल माझ्या फोनवर पाचशे एमबीच्या आसपास होते, आणि आपल्याकडच्या नेटवर्कवर ती उतरवायला समोरच्याचा दिवसाचा बराच डेटा जातो. म्हणून मी यूट्यूबवर Unlisted ठेवून टाकतो आणि लिंक पाठवतो. लिंक ज्याच्याकडे आहे तोच पाहू शकतो, शोधून सापडत नाही.

तरी लिंक पुढे पुढे जातेच. म्हणून रिकाम्या घराचा पूर्ण पत्ता, कुलपाची किल्ली कुठे ठेवता ते आणि घरमालकाचा फोन नंबर व्हिडिओत नको. पाटी आणि गाड्यांचे नंबर आले असतील तर फाटकाचा तुकडा बाजूने पुन्हा काढा.

घर लागलं की व्हिडिओ काढून टाका. एका काकूंचा जुना व्हिडिओ मी तसाच ठेवला होता. त्यात किराया साडेतीन हजार सांगितला होता. नवा किरायेदार पाच हजारांवर राहायला आला, महिन्याभराने त्याच्या हाती ती जुनी लिंक लागली, आणि तो सरळ काकूंच्या ओट्यावर फोन घेऊन गेला. तेव्हापासून तारीख बोलतो आणि घर लागल्याच्याच दिवशी व्हिडिओ पुसतो.